एक तळं, चार उत्तरं आणि तुमचा आत्मविश्वास

पर्यावरणाचा पेपर म्हणजे झाडं लावा, पाणी वाचवा, प्लास्टिक टाळा. एवढं ज्याला पाठ आहे त्याने अभ्यास करून कुणावर उपकार करायचे? तेव्हा पुस्तक मिटा आणि माझं ऐका. या पेपरात मी स्वतः भरपूर गुण घालवलेले आहेत, त्यामुळे सल्ला द्यायचा अधिकार माझ्याकडे आपोआप येतो.

बहुपर्यायी प्रश्नांचं आधी उरकून घेऊ. प्रश्न शेवटपर्यंत वाचायचा नाही, हे पहिलं पथ्य. ‘खालीलपैकी कोणता हरितगृह वायू नाही?’ असं विचारलं आणि पहिल्याच पर्यायात मिथेन दिसला, की जुना दोस्त भेटल्यासारखा आनंद होऊ द्या आणि तिथेच गोल काळा करा. ‘नाही’ हा शब्द पेपर काढणाऱ्याने स्वतःच्या समाधानासाठी घातलेला असतो. तुम्ही जास्तच चिकित्सक असाल तर पुढे जाऊन ‘पाण्याची वाफ’ निवडा. वाफेला कोण कशाला दोष देईल? वातावरणात सर्वांत मुबलक असलेला हरितगृह वायू नेमकी तीच आहे, आणि हवेचा 78 टक्के भाग व्यापूनही उष्णतेच्या बाबतीत हात वर करणारा नायट्रोजन हे उत्तर आहे, पण तो तर तिसऱ्या पर्यायात बसलाय. इतक्या लांब कोण जाणार?

दुसरं पथ्य तुम्हाला ठाऊक असेलच, कारण ते सगळ्यांना ठाऊक असतं: ज्या पर्यायात ‘नेहमी’ किंवा ‘फक्त’ आलं, तो चूक. हा नियम डोळे मिटून वापरा. ‘ऊर्जेचा पिरॅमिड नेहमी सरळ असतो’ हे वाक्य दिसताच त्यावर काट मारा. संख्येचा पिरॅमिड उलटा होतो, एका झाडावर हजारो किडे बसतात. जैवभाराचाही समुद्रात उलटा होऊ शकतो. मग ऊर्जेनेच काय घोडं मारलंय? तिचं घोडं असं, की अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते, त्यामुळे वरच्या पायरीला खालच्यापेक्षा जास्त मिळूच शकत नाही. इथला ‘नेहमी’ खरा आहे. पण नियम तो नियम.

आता खरी मजा, विधान-कारण प्रश्नांची. पर्याय साधारण असे असतात. अ: दोन्ही सत्य आणि कारण हे विधानाचं योग्य स्पष्टीकरण. ब: दोन्ही सत्य, पण स्पष्टीकरण नाही. क: विधान सत्य, कारण असत्य. ड: विधान असत्य, कारण सत्य. काही पेपरांत हा क्रम बदलतो, कुठे ‘दोन्ही असत्य’ हाही पर्याय असतो. सूचना पुन्हा वाचण्यात अर्थातच वेळ दवडू नका.

सोयीसाठी आपण एकच तळं घेऊ. शेतातली खतं आणि सांडपाणी तळ्यात उतरतं, नायट्रेट-फॉस्फेटवर शैवाल माजतं, पाणी हिरवंगार होतं. याला युट्रोफिकेशन म्हणतात. शब्द पाठ झाला की विषय समजला असं समजावं.

पहिला प्रश्न. विधान: शैवाल माजलेल्या तळ्यातले मासे मरू शकतात. कारण: शैवाल प्रकाशसंश्लेषणात ऑक्सिजन सोडतं. वाचताक्षणी तुम्हाला शंका येईल, की ऑक्सिजन सोडत असेल तर मासे मरतील कसे? ही शंका जपा आणि ‘क’ लिहून मोकळे व्हा. दोन वाक्यांचं आपसात पटत नाही म्हणजे एक खोटं असणारच, हा न्याय घरगुती भांडणात चालतो तर इथे का नाही? उत्तरतालिका मात्र ‘ब’ म्हणेल. मासे मरू शकतात हे खरं, शैवाल ऑक्सिजन सोडतं हेही खरं, फक्त एकामुळे दुसरं घडत नाही. विधानाच्या विरुद्ध दिशेला तोंड करून बसलेलं कारणही सत्य असू शकतं, हे पचायला जड आहे, म्हणून सोडून द्या.

दुसरा प्रश्न. विधान तेच. कारण: मृत शैवालाचं विघटन करणारे जीवाणू पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. आता साखळी पुरी झाली: शैवाल मरतं, जीवाणू त्यावर तुटून पडतात, ऑक्सिजन संपत येतो, मासे गुदमरतात. उत्तर ‘अ’. पण मघाशी ‘ब’ हुकलं होतं ना? मग त्याची भरपाई इथे ‘ब’ लिहून करा.

तिसरा. विधान पुन्हा तेच. कारण: शैवाल कुजताना पाण्याची बीओडी, म्हणजे बायोकेमिकल ऑक्सिजन डिमांड, कमी होते. ऑक्सिजन घटतो, मग बीओडीही घटणार, दोघांच्या नावात ऑक्सिजन आहेच. या तर्कावर ‘अ’ ठोकून द्या. बीओडीतला ‘डी’ मागणीचा आहे, साठ्याचा नाही. कुजायला माल जितका जास्त तितकी मागणी जास्त, आणि साठा तितका लवकर संपतो. एक वर जातं तेव्हा दुसरं खाली येतं. म्हणून कारण असत्य, उत्तर ‘क’.

चौथा. विधान: बीओडी जास्त असलेलं पाणी अधिक स्वच्छ असतं. कारण: सेंद्रिय पदार्थांच्या विघटनासाठी सूक्ष्मजीवांना लागणारा ऑक्सिजन म्हणजे बीओडी. कारणाचं वाक्य कसं पुस्तकातून उचलल्यासारखं आहे! इतक्या भारदस्त व्याख्येच्या शेजारी खोटं विधान बसेल कसं, असा विश्वास ठेवा आणि ‘अ’ लिहा. ‘ड’ लिहिणारे अविश्वासू असतात.

जाता जाता एक फुकटची माहिती, परीक्षेत वापरू नका. बीओडी मोजताना पाण्याचा नमुना साधारणपणे 20 अंश सेल्सिअसला 5 दिवस अंधारात ठेवतात. अंधारात का? उजेड मिळाला तर त्यातलं शैवाल ऑक्सिजन सोडू लागेल आणि मोजमाप फसेल. म्हणजे पहिल्या प्रश्नातलं जे कारण तुम्ही खोटं ठरवलंत, त्याच्याच धास्तीने प्रयोगशाळेत बाटली कपाटात ठेवतात.

काही मंडळी एक बावळट पद्धत वापरतात, तिच्यापासून सावध राहा. ही मंडळी कारणाच्या ओळीवर तळहात ठेवतात आणि विधान एकट्याने खरं की खोटं ते ठरवतात. मग विधान झाकून कारणाचं तेच. दोन्ही खरी निघाली तरच मधे ‘कारण की’ घालून वाक्य मनात वाचतात. ‘मासे मरतात, कारण की शैवाल ऑक्सिजन सोडतं’ असं कानाला खटकलं की ‘ब’, नाहीतर ‘अ’. एका प्रश्नाला अर्धा मिनिट घालवतात बिचारी. शिवाय परीक्षागृहात हाताने पेपर झाकून बसलेला माणूस दिसतो किती विचित्र! तुम्ही दोन्ही वाक्यं एका दमात वाचा, ओळखीचे शब्द मोजा, पाच भरले की ‘अ’.

राहिला ऋण गुणांचा मुद्दा. चार पर्यायांत चुकीला पाव गुण कापणार असतील आणि दोन पर्याय तुम्ही खात्रीने बाद केले असतील, तर हिशेब तुमच्या बाजूचा असतो. अशा वेळी हमखास घाबरा आणि जागा कोरी सोडा. धाडस दाखवायचंच असेल तर जिथे एकही पर्याय बाद झालेला नाही आणि चुकीला एकतृतीयांश कापतात, तिथे दाखवा. तिथे सरासरी लाभ बरोब्बर शून्य असतो, पण छातीची धडधड पूर्ण मिळते. आणि ऋण गुण मुळीच नसतील तर? तरीही दहा-बारा प्रश्न कोरे ठेवून या. बाहेर आल्यावर सांगता येतं, ‘येत नव्हतं ते मी लिहिलंच नाही.’