पोटरीतले गोळे, बीपीची गोळी आणि दोन केळ्यांचा हिशेब

«लघवी जास्त करणारी बीपीची गोळी घेता आणि रात्री पायात गोळे येतात? म्हणजे पोटॅशियम कमी झालंय. टेस्टवर पैसे घालवू नका. गोळी बंद करा, रोज दोन केळी आणि एक शहाळं घ्या. आठ दिवसांत आराम. नागपूरच्या उन्हात सगळ्यांनी कराच!»

हा फिरता मेसेज एकेक करून तपासू, सुरुवात टेस्टपासून. रात्री पोटरीत गोळा येणं पोटॅशियम अगदी नॉर्मल असतानाही होतं, आणि बीपीच्या त्याच गोळीने सोडियम किंवा मॅग्नेशियम उतरलं तरीही होतं. पोटॅशियमकडे जास्त बोट दाखवते ती अशक्तपणाची जागा. जिना चढताना मांड्या थरथरतात, पाटावरून उठताना हाताचा टेकू लागतो. साधारण 3.5 ते 5 मिलीमोल प्रति लिटर हे नॉर्मल. 3 च्या वर बहुतेकांना काही जाणवत नाही, 2.5 च्या खाली स्नायू खरंच हार मानतात. म्हणून सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि मॅग्नेशियम एकाच वेळी तपासा. पोटॅशियमचा आकडा 3 च्या खाली असेल किंवा धडधडत असेल तर ईसीजीही हवा. रक्त देताना मूठ पुन्हा पुन्हा उघडझाप करू नका. त्याने पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं आणि कमतरता झाकली जाते.

आता केळ्यांचा हिशेब. क्लोरथॅलिडोनसारखी लघवी वाढवणारी गोळी किडनीत मीठ शोषू देत नाही. ते मीठ पुढच्या नळीत पोचतं, तिथे शरीर सोडियम परत घेतं आणि बदल्यात पोटॅशियम लघवीत सोडतं. गोळी चालू आहे तोवर ही गळती रोजची. समजा, नागपुरातल्या नंदनवन भागातल्या 62 वर्षांच्या एका काकूंना क्लोरथॅलिडोन 25 मिलिग्रॅम चालू आहे आणि पोटॅशियम 2.9 आलं. रक्तात जेमतेम अर्ध्या-पाऊण अंकाची घट दिसते, पण शरीरात तूट साधारण 200 ते 400 मिलीमोलची असते. मध्यम केळ्यात 9-10 मिलीमोल, शहाळ्यात सुमारे 15. शिवाय या गोळ्यांनी क्लोराइडही जातं, आणि ते फळांतून फारसं मिळत नाही. म्हणून डॉक्टर पोटॅशियम क्लोराइडचं सिरप देतात. नेहमीच्या सिरपच्या 15 मिलिलिटरमध्ये 20 मिलीमोल असतात. जेवणानंतर, मोठ्या ग्लासभर पाण्यात मिसळून, हळूहळू प्यायचं. नुसतं घेतलं तर पोटात जळजळ होते आणि लोक दुसऱ्याच दिवशी बाटली बाजूला ठेवतात.

काकूंनी सिरप दिवसातून दोनदा घेतलं, तरी पाचव्या दिवशी आकडा 3.0 च. असं झालं की मॅग्नेशियम बघायचं. काकूंचं 1.3 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर निघालं, नॉर्मल साधारण 1.7 च्या वर. मॅग्नेशियम कमी असलं की किडनीतली पोटॅशियमची दारं उघडीच राहतात, वरून कितीही ओता. काकू कित्येक वर्षं रोज पॅन्टोप्रॅझोल घेत होत्या. ॲसिडिटीच्या या गोळीनेही मॅग्नेशियम उतरतं. मॅग्नेशियम सुरू केल्यावर आठवड्यात पोटॅशियम 3.8 वर आलं. मग डॉक्टरांनी क्लोरथॅलिडोन 12.5 वर आणलं आणि जोडीला टेल्मिसार्टन दिलं, कारण ते पोटॅशियम राखतं. काहींना त्याऐवजी स्पायरोनोलॅक्टोन देतात.

यातच त्या मेसेजमधला सगळ्यात धोकादायक शब्द आहे, «सगळ्यांनी». टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याची किडनी थोडी जरी अधू असली, तर रोजच्या शहाळ्याने आणि कमी सोडियमच्या मिठाने पोटॅशियम वर जाऊ शकतं. त्या मिठात पोटॅशियम क्लोराइडच असतं. जास्त झालेलं पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवतं, आणि त्याची सुरुवातही अशक्तपणानेच होऊ शकते. अंदाजावर केळी खाण्यात हाच धोका आहे. म्हणून आधी गोळीच्या पट्टीवरची नावं वाचा. ब्रँडच्या नावापुढे «एच» असेल तर बहुधा आत हायड्रोक्लोरोथायझाइड असतं, आणि घरच्यांना तर ती नुसती «बीपीची गोळी» वाटते.

गोळी आपल्या मनाने बंद करणं तर मुळीच नको. पायावरच्या सुजेसाठी किंवा हृदयाच्या पंपाच्या दुखण्यात फ्युरोसेमाइड वा टॉर्सेमाइड चालू असेल, तर बंद केल्यावर थोड्याच दिवसांत फुफ्फुसात पाणी साचून धाप लागू शकते. क्लोरथॅलिडोनचा परिणाम तर थांबवल्यावरही काही दिवस रेंगाळतो. उलट्या-जुलाब सुरू झाले असतील किंवा मे महिन्यात घाम निथळत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून डोस विचारा. मांड्यांतली ताकद गेली, ठोके चुकतायत असं वाटलं, किंवा सोबत हृदयाचं औषध डिगॉक्सिन चालू असेल, तर फोनवर थांबू नका, थेट दवाखाना गाठा.

नवी गोळी सुरू झाली किंवा डोस बदलला की एक ते चार आठवड्यांत पोटॅशियम पुन्हा तपासून घ्या. टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन नव्याने जोडलं असेल तर एक-दोन आठवड्यांतच.