चाळिशी फॉन्टने टळत नाही

"फोनवर पुस्तक वाचताना डोळे दुखतात? फॉन्ट सगळ्यात मोठा करा, मार्जिन जास्तीत जास्त ठेवा, ओळींमधलं अंतर डबल करा. ताण लगेच जातो, चष्म्याचा नंबरही वाढत नाही. सर्वांना पाठवा."

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज तिसऱ्यांदा आला, तो आप्पांकडून. आप्पा खालच्या मजल्यावर राहतात, वय चौसष्ट. १८४० सालापासून चालत आलेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाचे जुने सभासद. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून मात्र गॅलरीत बसून फोनवरच वाचतात. मेसेजप्रमाणे सगळं करून झालं होतं, तरी संध्याकाळी डोकं धरायचं. माझं काम डीटीपीचं, म्हणून ते फोन घेऊन वर आले. "अगं, तुमचा धंदाच अक्षरांचा ना, बघ जरा काय बिघडलंय."

बिघडलं काहीच नव्हतं. त्यांनी फोन डोळ्यांपासून एका वितीवर धरला होता, एवढंच. तिथूनच सुरुवात करते, कारण फॉन्टच्या मुद्द्याची सगळी मेख अंतरात आहे.

जवळचं बघायला डोळ्याला जोर लावावा लागतो. हा जोर डायऑप्टरमध्ये मोजतात आणि हिशोब सोपा आहे: शंभराला अंतराच्या सेंटिमीटरने भागायचं. २५ सेंटिमीटरवर ४ डायऑप्टर, ४० वर अडीच. अक्षर केवढं आहे याचा या भागाकारात पत्ताच नाही. म्हणजे फॉन्ट दुप्पट केला आणि फोन होता तिथेच धरला, तर हा जोर तेवढाच लागतो. मोठ्या फॉन्टचा खरा फायदा असा, की त्यामुळे फोन लांब धरता येतो.

आप्पांच्या वयात तर डोळ्याचं भिंग जवळपास ताठ झालेलं असतं. ते स्वतःहून फारसा जोर लावतच नाही, वाचायचा चष्मा ते काम करतो. त्यांचा वाचायचा नंबर अडीचचा, म्हणजे चष्म्यातून सर्वांत स्वच्छ दिसतं ते साधारण ४० सेंटिमीटरवर. वितीवर धरलेला फोन धूसर दिसायचा, म्हणून ते फॉन्ट वाढवायचे. अक्षर मोठं झालं की धूसर असूनही ओळखू यायचं आणि उपाय लागू पडल्यासारखं वाटायचं. पण दिवसभर बघायचे ते धूसरच.

नंबर वाढत नाही, या दाव्याचा निकालही इथेच लागतो. चाळिशी येते ती वयाबरोबर भिंगाची लवचीकता कमी होते म्हणून. फोनच्या सेटिंगला ते थांबवता येत नाही.

मग फॉन्ट ठरवायचा कसा? दोन विती म्हणजे साधारण एक हात. हात पूर्ण लांब न करता, कोपर अंगाशी ठेवून फोन तेवढ्या अंतरावर धरा. चष्मा लागत असेल तर तो लावा. आता "Aa" बटणातून फॉन्ट लहान करत जा, अक्षरं जेमतेम ओळखू येतील इथपर्यंत. ती तुमची शेवटची हद्द. तिच्या दुप्पट ते तिप्पट आकार हा निवांत वाचायचा आकार. आप्पांसाठी तो सरकपट्टीच्या मध्याच्या थोडा पुढे निघाला. शिरोरेखेपासून अक्षराच्या पायापर्यंत पट्टी लावली तर साधारण अडीच मिलिमीटर. मेसेजवाला आकार पाच मिलिमीटरचा होता.

पाच मिलिमीटरने काय होतं ते मार्जिनसकट बघा. आप्पांच्या फोनचा पडदा ६८ मिलिमीटर रुंद. दोन्हीकडची भरघोस मार्जिन गेल्यावर उरले ५० आणि त्यात बसली जेमतेम अकरा अक्षरं. पुस्तकात वाक्य आलं, "नाशिकहून निघून त्र्यंबकेश्वराच्या वाटेला लागलो". पहिल्या ओळीत "नाशिकहून निघून" मावलं. त्र्यंबकेश्वर मावेना, तो खालच्या ओळीत गेला. ॲपने मजकूर दोन्ही बाजूंनी समान केलेला, म्हणजे आमच्या भाषेत जस्टिफाय. त्यामुळे त्या दोन शब्दांमध्ये आणखी दोन-तीन अक्षरं बसतील एवढी फट पडली. इंग्रजीत लांब शब्द संयोगचिन्ह लावून तोडतात, मराठीत वाचन ॲप हे सहसा करत नाहीत. आणि आपण तर प्रत्यय शब्दालाच चिकटवतो, त्यामुळे लांब शब्दांना तोटा नाही. अशी भोकं पानभर पडली की नजर वाक्याबरोबर चालत नाही, उड्या मारते.

मार्जिन अगदी किमान ठेवलं, बाजूला अंगठा टेकेल एवढंच, आणि फॉन्ट अडीचवर आणला, तर त्याच ओळीत सहा-सात शब्द येतात. तरीही फटी दिसत असतील तर मजकूर फक्त डावीकडे जुळवा. उजवी कड ओबडधोबड दिसते. मला डीटीपीवालीला ते खुपतं, डोळ्यांना खुपत नाही.

मोठं मार्जिन चांगलं असतं ते दहा इंची टॅबलेट आडवा धरल्यावर. तिथे ओळ इतकी लांब होते, की संपल्यावर पुढच्या ओळीचं तोंड शोधावं लागतं आणि कधी तीच ओळ पुन्हा वाचली जाते. असं होऊ लागलं तर ओळीत दहा-बारा शब्द राहतील इतपत मार्जिन वाढवा. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा टॅबलेटचा सल्ला फोनवाल्यांना वाटला.

ओळींमधल्या अंतराच्या बाबतीत मेसेज निम्मा बरोबर आहे. इंग्रजीला पुरणारं १.२ पट अंतर मराठीला कमी पडतं, कारण आपल्याकडे वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. तपासायचं असेल तर वरच्या ओळीत "कृ" किंवा "द्धू" आणि बरोबर खाली "र्थीं" अशी जागा शोधा. पाय आणि डोकं एकमेकांना लागत असेल, किंवा रफाराचा माथा छाटल्यासारखा दिसत असेल, तर अंतर वाढवा. बहुतेक मराठी फॉन्टना दीडपट ते १.७ पट पुरतं. दुप्पट कशाला? जास्त अंतर लागतं ते लांब ओळीला, परत येताना नजर चुकू नये म्हणून. फोनवरची ओळ मुळातच आखूड.

शिवाय पानं किती उलटावी लागतात बघा. मेसेजप्रमाणे आप्पांच्या पडद्यावर नऊ ओळी येत होत्या, म्हणजे पंचवीसेक शब्द. साठ हजार शब्दांच्या कादंबरीला सुमारे २,४०० वेळा बोट फिरवायचं. नव्या मापाने एकवीस ओळी, सव्वाशे शब्द, म्हणजे ४८० वेळा.

राहिली गोष्ट "ताण लगेच जातो" याची. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, डोळे कोरडे पडून चुरचुरतात. नाशिकच्या एप्रिलमध्ये पंखा तोंडावर घेऊन वाचणाऱ्याचे तर आणखीच. यावर फॉन्टचा किंवा मार्जिनचा इलाज नाही. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद बघायचं, मुद्दाम पापण्या मिटायच्या. आप्पा समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी बघतात. एवढं करूनही डोकं दुखत राहिलं, किंवा एकाच्या दोन ओळी दिसू लागल्या, तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं.

आठवड्याने आप्पा पुन्हा वर आले. डोकं आता धरत नव्हतं, पण नवं पुस्तक उघडल्यावर फॉन्ट हलेना. ती कुणीतरी पाठवलेली स्कॅन केलेली पीडीएफ होती. तिच्यात पानाचा फोटो असतो, अक्षरं वेगळी नसतात, त्यामुळे फॉन्ट, मार्जिन, अंतर यांतलं काहीच बदलत नाही. ॲपमध्ये पानाच्या कडा कापायची सोय होती, ती वापरली. कोरा भाग गेला, मजकूर थोडा मोठा झाला. मग फोन आडवा केला. "हेच पुस्तक ईपबमध्ये मिळालं तर घ्या," म्हटलं, तर म्हणाले, "अगं, हे वाचनालयात आहे. तुझ्या स्कूटरवर आणशील?"