कानात चणे

एका वाक्याची सगळी अक्षरं मोडायची आणि तीच अक्षरं, एकही न टाकता, एकही उसनी न आणता, दुसऱ्या वाक्यात बसवायची. याला ॲनाग्राम म्हणतात. इंग्रजीवाल्यांचं बरं आहे, त्यांची अक्षरं गोट्यांसारखी सुटी असतात. आपल्याकडे अक्षर म्हणजे एकत्र कुटुंब. काना शेजारी, मात्रा डोक्यावर, उकार पायाशी. यातल्या कुणाला वेगळं काढायची परवानगी आहे, हे आधी ठरवावं लागतं. न ठरवता बसलं की रात्री अकरा वाजता स्वतःशीच भांडण होतं आणि दोन्ही बाजू हरतात.

नमुन्याला घेऊ 'नाचता येईना अंगण वाकडे'. म्हण निवडण्यामागे हेतू असा, की जमलं नाही तर दोष द्यायला अंगण हाताशी असतं.

सोवळा नियम म्हणतो, अक्षर फोडायचं नाही. ना, च, ता, ये, ई, ना, अं, ग, ण, वा, क, डे. मोजून 12 चौकोन. ई दिसला की 'ताई' लगेच सुचते, दोन ना मिळून 'नाना' होतात, आणि क-डे तर जोडीनेच उभे असतात. थोड्या झटापटीनंतर हे निघतं:

ताई, नानाकडे ये, अंगण वाच.

बाराच्या बारा अक्षरं लागली. पण अंगण कसं वाचायचं, हे ताईला कुणी सांगायचं? शिवाय नानांना मान द्यावा, 'नानांकडे' म्हणावं, तर हातातला एकमेव अनुस्वार अ ला चिकटलेला. आणि सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे 'अंगण' जसंच्या तसं परत आलं. मूळ वाक्यातला शब्द उत्तरात अख्खा सापडला, तर तो घर बदलताना न उघडलेला खोका समजावा. सोवळ्या नियमात हे सहज होतं, कारण 'अं'च्या मागे लागणारी अक्षरं इथे जेमतेम तीन: अंक, अंग किंवा अंडे.

म्हणून मी दुसऱ्या नियमाच्या बाजूचा. काना, मात्रा, अनुस्वार सोडवून वेगळे ठेवायचे आणि आ म्हणजे अ अधिक काना असं मानायचं. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाच्या चिठ्ठ्या कापा. व्यंजनं 10: न, न, च, त, य, ग, ण, व, क, ड. अ आणि ई मिळून 2. काने 4, मात्रा 2, अनुस्वार 1. एकूण 19. पंखा बंद करा. काना ही सगळ्यात हलकी चिठ्ठी असते, आणि ती कपाटाखालीच जाते.

चिठ्ठ्या ओळीत मांडू नका. ओळीत मांडल्या की डोळा 'वाकडे' शोधून काढतो आणि तिथेच घर करून राहतो. व्यंजनं गोल मांडा आणि चिन्हं मधे ढीग करून ठेवा.

आता सगळ्यांची चूक इथे होते, की एखादा गोंडस शब्द आधी जुळवायचा. पहिले तीन शब्द कवितेसारखे उतरतात आणि शेवटी हातात 'ई ण ं' उरतं. त्याचं करायचं काय, खोकला? म्हणून अवघड पाहुण्यांना आधी बसवायचं. ई ला शेजारी स्वरच लागतो, तेव्हा अ, एक काना आणि ई मिळून 'आई'. तीन कटकटी एका शब्दात मिटल्या. ण ने मराठी शब्द सुरू होत नाही, त्याला कायम मागच्या बाकावर जागा द्यावी लागते: गाणे, वाण, चणे, नाचणे. अनुस्वार शक्यतो नपुंसकलिंगी शब्दाच्या शेपटीवर. त्याला फार भाव देऊ नये.

या वाटेने पहिलं उत्तर येतं: 'गात नाचणे काय वेड नं, आई!' शेवटी न आणि अनुस्वार उरले होते, ते 'नं' म्हणून खपवले. ना, नं, का, च ही मराठीतली सुटी नाणी. हिशेब चुकला की यांनीच भागवायचा. वाक्य बोलण्यातलं आहे, विषयही नाचाचाच आहे. पण 'नाचता'चं 'नाचणे' झालं, म्हणजे नाच तिथेच राहिला, फक्त कपडे बदलले. जाणकार नाक मुरडतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

मग 'नाच' मोडायचाच अशी अट घालायची. च ण ला दिला की मात्रा घेऊन 'चणे'. ग आणि य एकत्र आले की 'गायन'. व, ड आणि दुसरी मात्रा मिळून 'वेड'. उरले क, न, त, दोन काने आणि तो अनुस्वार. 'कानात'! अनुस्वार वेडावर ठेवला तर ते 'वेडं' होतं, आणि गायन नपुंसकलिंगी असल्यामुळे व्याकरणही गप्प बसतं:

आई, वेडं गायन! कानात चणे!

मूळ वाक्यातला एकही शब्द राहिला नाही. नाचता न येणाऱ्याला गाताही येत नाही, एवढी नवी माहिती मात्र मिळाली.

पडताळणी डोळ्यांनी करू नये. डोळा आनंदात असतो, तो चार काने पाच मोजतो. दोन्ही वाक्यं समोर ठेवून एकेक चिन्ह दोन्हीकडून खोडत जायचं. संगणकाकडून करायची तर एक खोच आहे. त्याच्या लेखी आ हे एकच चिन्ह, अ अधिक काना नव्हे. ते फोडून दिलं नाही, तर तो 19 विरुद्ध 18 मोजतो आणि तुम्हालाच खोटं पाडतो.

```python
def f(s):
    s = s.replace("आ", "अ" + "ा")
    return sorted(c for c in s if c not in " ,!")

print(f("नाचता येईना अंगण वाकडे")
      == f("आई, वेडं गायन! कानात चणे!"))
```

उत्तर `True` येतं.

मोजणी बिनचूक येऊनही माणूस पूर्ण चुकू शकतो, हा भाग वेगळा. 1610 मध्ये गॅलिलिओने शनीकडे पाहिलं. शोध जाहीर करायचा नव्हता, पण पहिला मान सोडायचाही नव्हता. म्हणून त्याने 'सगळ्यात वरचा ग्रह मी तिहेरी पाहिला' हे लॅटिन वाक्य विस्कटून 37 अक्षरांचा चिवडा पाठवला. केप्लर तो सोडवायला बसला आणि त्याने मंगळाच्या जुळ्या पोरांना वंदन करणारं लॅटिन वाक्य काढलं. लॅटिन ओबडधोबड, पण अक्षरं सदतीसच्या सदतीस जुळलेली. u आणि v एकच धरायचे, ही तिथली सवलत. आपल्या आ सारखीच. शनीवरून आलेल्या पत्रातून केप्लरने मंगळाचे दोन चंद्र वाचले. पुढे 1877 मध्ये मंगळाला खरंच दोन चंद्र सापडले. चुकावं तर असं.

आपल्याला तेवढं नशीब नाही. आपल्याला कुणीतरी भेटतं आणि म्हणतं, "अहो, आमच्याकडे 'वाकडं' म्हणतात, 'वाकडे' नाही." झालं! एक मात्रा गेली आणि एक अनुस्वार वाढला. नाचवालं वाक्य यातूनही तरतं: 'गात नाचणं काय वेड नं, आई!' उलट आता ते जास्त घरगुती वाटतं. चणे मात्र परत डब्यात.