‘रिटर्न झालं का?’ या प्रश्नाचं उत्तर धरून चालू नका

सीएकडे अडकलेल्या आयकर रिटर्नची चौकशी करताना बहुतेक जण एकच ओळ पाठवतात. "सर, रिटर्न झालं का?" त्यावर "हो, झालं" किंवा "चालू आहे" असं उत्तर येतं आणि आपण निर्धास्त होतो. माझं स्पष्ट मत आहे की या उत्तरावर विसंबू नये, देणारा कितीही प्रामाणिक असला तरी. कोणत्या वर्षाचं रिटर्न आणि ‘झालं’ म्हणजे कुठवर झालं, या दोन्ही गोष्टी त्यात राहून जातात. माझ्या मावशीच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकदमच राहिल्या होत्या, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

मावशी निवृत्त शिक्षिका. उत्पन्न म्हणजे पेन्शन, दोन बँकांतल्या एफडींचं व्याज आणि मध्ये कधीतरी विकलेले थोडे म्युच्युअल फंड. तिने सीएच्या ऑफिसात विचारलं, "चोवीस-पंचवीसचं रिटर्न झालं का?" तिथल्या मुलाने बघून सांगितलं, "हो काकू, झालं." दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते. मावशीच्या मनात आर्थिक वर्ष २०२४-२५ होतं, म्हणजे १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या काळातलं उत्पन्न. त्या मुलासमोर स्क्रीनवर कर निर्धारण वर्ष २०२४-२५ होतं, आणि त्यात असतं त्याच्या आदल्या वर्षाचं उत्पन्न. आयकर पोर्टलवर रिटर्न कर निर्धारण वर्षाच्या नावाने लागतात, तर घरात आपण आर्थिक वर्ष बोलतो. या एका वर्षाच्या फरकात मावशीचं एक अख्खं रिटर्न भरायचं राहून गेलं. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या नव्या आयकर कायद्यात या दोन वर्षांच्या जागी एकच ‘कर वर्ष’ आलं आहे. पण त्याआधीच्या उत्पन्नाची सगळी रिटर्न जुन्याच नावांनी चालतात, त्यामुळे जुन्या थकलेल्या कामांत हा घोळ राहणारच. त्यावर उपाय साधा आहे. वर्षाचं नाव घेऊच नका, तारखा लिहा. "१ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या काळातल्या उत्पन्नाचं रिटर्न" असं लिहिलं की दुसरा अर्थ निघत नाही.

आता ‘झालं’ या उत्तराकडे येते. रिटर्न तयार होतं, अपलोड होतं, व्हेरिफाय होतं आणि मग प्रोसेस होतं. ऑफिसातल्या माणसासाठी अपलोड झालं की काम संपलं. कायद्याच्या दृष्टीने व्हेरिफाय झाल्याशिवाय ते रिटर्न भरलेलंच नसतं. अपलोड केल्यापासून ३० दिवसांत आधारच्या ओटीपीने किंवा नेटबँकिंगमधून व्हेरिफाय करायचं, नाहीतर सही केलेली पावती बेंगळुरूच्या प्रोसेसिंग सेंटरला पाठवायची. ३० दिवसांनंतर व्हेरिफाय केलं तर ती व्हेरिफाय केल्याची तारीखच रिटर्नची तारीख धरली जाते, म्हणजे वेळेवर अपलोड केलेलं रिटर्नही उशिरा भरलेलं ठरतं.

मावशीचं जे रिटर्न ‘झालं’ होतं, ते जुलै २०२४ मध्ये अपलोड झालं होतं आणि व्हेरिफाय व्हायचं राहिलं होतं. पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल नंबर ऑफिसचाच होता, त्यामुळे पोर्टलकडून तिला एकही मेसेज आला नव्हता. बँकेने कापलेल्या टीडीएसचा रिफंड का येत नाही, हे तिला वर्षभर कळत नव्हतं. मी तिच्याबरोबर बसून पोर्टलवर लॉगिन केलं आणि e-File > Income Tax Returns > View Filed Returns इथे गेले. समोरच लिहिलं होतं: Pending for e-verification. हे बघायला ना सीए लागतो ना कोणाची परवानगी. म्हणून मी सगळ्यांना सांगते, विचारण्याआधी स्वतः बघा. जे स्क्रीनवर दिसतं ते विचारण्यात सीएचा वेळ घालवू नये. जे दिसत नाही ते विचारावं.

इथे अनेकांचा आणखी एक गैरसमज असतो. जुनं राहिलं तर ‘अपडेटेड रिटर्न’ भरता येतं, असं ऐकलेलं असतं. ती सोय आहे, पण जादा कर भरणाऱ्यासाठी. अपडेटेड रिटर्नमधून रिफंड मागता येत नाही. त्यामुळे मावशीच्या त्या वर्षासाठी, अपलोड झालेलं रिटर्न वाचवायचा मार्ग उशीर माफ करण्याच्या अर्जाचा होता. तो पोर्टलवरच Services मध्ये Condonation Request या नावाने असतो.

हे सगळं बघून झाल्यावर आम्ही सीएंना मेसेज लिहिला. नोव्हेंबर २०२५ चालू होता. तो इथे देते, कारण विचारायचं कसं हा या पोस्टचा मुख्य मुद्दा आहे.

"नमस्कार सर. माझ्या दोन रिटर्नची स्थिती हवी आहे.

पहिलं, १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४ च्या उत्पन्नाचं. पोर्टलवर ते अपलोड झालेलं दिसतं, पण व्हेरिफाय झालेलं नाही. उशीर माफीचा अर्ज तुम्ही करणार की मी करू? त्यासाठी माझ्याकडून काय लागेल?

दुसरं, १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ च्या उत्पन्नाचं. ते पोर्टलवर नाही. तयार करायला घेतलं आहे का? ३१ डिसेंबरच्या आत भरायचं तर माझे कागद तुम्हाला कोणत्या तारखेपर्यंत हवेत?

या दुसऱ्या रिटर्नसाठी पेन्शनचा फॉर्म १६ आणि एका बँकेचा व्याजाचा दाखला मी तुम्हाला दिला आहे. दुसऱ्या बँकेचा व्याजाचा दाखला आणि म्युच्युअल फंडाचं कॅपिटल गेन स्टेटमेंट द्यायचं राहिलं आहे, असं मला वाटतं. याशिवाय काही हवं असेल तर कोणता कागद, कोणत्या काळाचा आणि कुठून मिळेल ते लिहून कळवा. यादीतलं जे लागणार नाही तेही सांगा.

भरण्याआधी हिशेबाचा कागद मला पाहायला पाठवा."

या मेसेजमधलं "जे लागणार नाही तेही सांगा" हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ऑफिसने मावशीला आधी एक छापील यादी दिली होती, जी ते सगळ्यांनाच देतात. त्यात विम्याच्या हप्त्यांच्या पावत्या, पीपीएफचं पासबुक, देणग्यांच्या पावत्या, सगळं होतं. मावशी विम्याच्या जुन्या पावत्या शोधत बसली होती आणि त्या मिळत नाहीत म्हणून बाकीचेही कागद दिले नव्हते. वास्तविक मुदत उलटून गेली होती. त्या वर्षी ती वाढवून १६ सप्टेंबर २०२५ केली होती, तीही गेली. उरली होती ती फक्त ३१ डिसेंबरपर्यंत उशिरा भरण्याची सोय. ज्याला धंद्याचं उत्पन्न नाही त्याने जुनी करप्रणाली हवी असेल तर मुदतीच्या आत भरलेल्या रिटर्नमध्येच ती निवडावी लागते. उशिरा भरलं की नवी प्रणाली, आणि तिथे विमा, पीपीएफ, देणगी यांची वजावट नाही. ज्येष्ठांना व्याजावर मिळणारी ५०,००० रुपयांपर्यंतची वजावटसुद्धा नाही. म्हणजे ज्या पावत्यांसाठी सगळं अडलं होतं, त्यांचा आता उपयोगच उरला नव्हता. ही गोष्ट तिला कोणी सांगितली नव्हती आणि मला त्याचा खरोखर राग आला. लागणाऱ्या कागदांची यादी माणसागणिक आणि तारखेगणिक बदलते. छापील यादी देऊन टाकणं म्हणजे काम टाळणं आहे.

उरलेले दोन कागद मात्र अटळ होते, आणि दोन्हींच्या बाबतीत नेहमी तीच चूक होते. व्याजासाठी लोक पासबुकाची झेरॉक्स देतात. ज्या एफडीचं व्याज मुदत संपल्यावर एकदम मिळतं, तिचं व्याज पासबुकात दरवर्षी उमटत नाही. पण बँक ते दरवर्षी मोजते आणि त्यावर टीडीएसही कापते. म्हणून पूर्ण आर्थिक वर्षाचा व्याजाचा दाखलाच लागतो. म्युच्युअल फंडाचंही तसंच. खात्यात किती पैसे आले हे बँकेच्या नोंदीवरून कळतं, नफा किती झाला ते कळत नाही. एसआयपीच्या प्रत्येक हप्त्याची खरेदीची तारीख आणि भाव वेगळा असतो. त्यातच २३ जुलै २०२४ पासून भांडवली नफ्याचे दर बदलले. शेअरच्या फंडांवरचा दीर्घ मुदतीचा दर १० टक्क्यांवरून १२.५ टक्के झाला. म्हणून त्या वर्षी युनिट कोणत्या तारखेला विकले यावरही कर ठरत होता. हे सगळं कॅपिटल गेन स्टेटमेंटमध्ये असतं, आणि फंडाच्या रजिस्ट्रारकडून ते ईमेलवर मागवता येतं.

कागद पाठवण्याआधी आम्ही पोर्टलवरून एआयएस, म्हणजे आपल्या उत्पन्नाबद्दल आयकर खात्याकडे जमा झालेल्या माहितीचं पत्रक, उतरवून घेतलं आणि ओळ न् ओळ ताडून पाहिलं. त्यात मावशी विसरलेली एक छोटी एफडी सापडली, तिसऱ्याच बँकेतली. व्याज फार नव्हतं, पण ते सोडून रिटर्न गेलं असतं तर पुढे नोटिशीला उत्तर देत बसावं लागलं असतं.

सीएंचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं आणि ते अगदी मुद्देसूद होतं. माझा अनुभव असाच आहे. प्रश्न नेमका असला की चांगला सीए नेमकं उत्तर देतो. त्यालाही शंभर फायलींतून आपली फाइल आठवायची असते. माफीचा अर्ज त्यांनीच केला, यथावकाश तो मंजूर झाला आणि अडकलेला रिफंड आला. दुसरं रिटर्न ३१ डिसेंबरच्या आत भरलं गेलं. उत्पन्न ५ लाखांच्या वर असल्याने ५,००० रुपये विलंब शुल्क मात्र भरावं लागलं. ते कोणी भरायचं यावर मावशी आणि त्यांचं बोलणं झालं, तो त्यांचा प्रश्न.

पोर्टलवरचा मोबाइल नंबर आणि ईमेल आम्ही त्याच दिवशी बदलून मावशीचा टाकला. सीएंचा नंबर दुय्यम संपर्क म्हणून ठेवता येतो, तसा ठेवला. आता ती प्रत्येक रिटर्ननंतर त्यांच्याकडून तीन गोष्टी मागून घेते: पोचपावती, हिशेबाचा कागद, आणि व्हेरिफाय झाल्याची तारीख.