गोळीवाल्यांची शुगर लो होत नाही? सिंहगडाच्या वाटेवर तपासून बघू

व्हॉट्सॲपवर फिरणारा सल्ला असा: "शुगरवाल्यांनी पहाटे गोळी घेऊन रिकाम्या पोटी तासभर जोरात चालावं. घाम फुटला, हातपाय थरथरले तरी थांबू नका, साखर जळत असल्याची ती खूण आहे. अगदीच गळल्यासारखं वाटलं तर चिक्कीचा तुकडा खा. शुगर लो फक्त इन्सुलिनवाल्यांची होते, गोळीवाल्यांना भीती नाही."

शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

गोळी कोणती, यावर सगळं ठरतं. मेटफॉर्मिन यकृतातून सुटणारी साखर कमी करते. ती एकटी चालू असेल तर चालण्याने साखर धोक्याच्या पातळीला जाणं क्वचितच घडतं. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, डापाग्लिफ्लोझिन यांचंही साधारण तसंच. पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, मग रक्तात साखर कमी का असेना. एरवी माणूस चालू लागला की त्याचं इन्सुलिन आपोआप उतरतं आणि यकृत साखर पुरवू लागतं. या गोळ्या घेतल्यावर इन्सुलिन हवं तेवढं उतरत नाही. स्नायू साखर ओढत असतात, आणि यकृताचा हात मात्र आखडलेला राहतो. म्हणजे इन्सुलिन टोचून घेत नसलात तरी शुगर लो होऊ शकते.

आपल्याकडे यात एक गोची आहे. एकाच गोळीत दोन-तीन औषधं असतात. "मी फक्त मेटफॉर्मिन घेतो" असं ठामपणे सांगणाऱ्यांच्या पाकिटामागे बारीक अक्षरात ग्लिमेपिराइडही छापलेलं असतं. ब्रँडचं नाव सोडा, ती बारीक अक्षरं चष्मा लावून वाचा, नाहीतर औषधाच्या दुकानात वाचून घ्या.

आता रिकामं पोट. ते सरसकट वाईट नाही. उपाशीपोटी सकाळी चालताना यकृत साखर सोडत असतं, त्यामुळे अनेकांची साखर फारशी उतरत नाही, कधी थोडी वाढतेसुद्धा. साखर उतरवायची असेल तर जेवणानंतरचं चालणं जास्त कामाचं, कारण जेवणाने चढणारी साखर तिथेच धरली जाते. घोटाळा होतो तो "गोळी घेऊन" या दोन शब्दांत. ग्लिमेपिराइड नाश्त्यासोबत घ्यायची गोळी आहे. तिचा जोर साधारण दोन-तीन तासांनी सर्वांत जास्त असतो. साडेपाचला गोळी, सहाला चालायला, नाश्ता साडेनऊला, असं केलं की नेमक्या त्या वेळी पोटात काही नसतं. त्यापेक्षा आधी चालून या, मग नाश्ता आणि त्यासोबत गोळी. मात्र रात्रीही हीच गोळी चालू असेल किंवा किडनी कमजोर असेल तर आदल्या डोसचा अंमल सकाळपर्यंत टिकू शकतो. अशांनी निघताना मोजूनच निघावं.

घाम आणि थरथर यांबद्दलचा सल्ला सगळ्यात घातक आहे. साखर 70 मिग्रॅच्या खाली गेली की शरीर अशी हाकाटी करतं. 54 च्या खाली मेंदूचं काम बिघडू लागतं: बोलणं अडखळतं, माणूस उगाच चिडतो, "मला काही झालेलं नाही" म्हणून हट्टाने पुढे जातो. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलोलसारखं औषध चालू असेल तर धडधड आणि थरथर झाकली जाते. उरतो तो घाम, आणि चढावर घाम तर सगळ्यांनाच येतो. उलट ज्यांची साखर बरेच महिने 300 च्या आसपास होती, त्यांना 110 लाही लो झाल्यासारखं वाटू शकतं. म्हणून अंदाज नको, ग्लुकोमीटर सोबत हवा. बोट आधी पाण्याने धुवा. बोटाला गूळ किंवा फळाचा रस लागलेला असेल तर आकडा खोटा वाढतो. मीटर नसेल आणि लक्षणं असतील तर लो आहे असंच समजा.

राहिली चिक्की. एक उदाहरण घेऊ. साठी ओलांडलेले एक काका, औषध ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी तिहेरी गोळी. रविवारी गोळी आणि बिनसाखरेचा चहा घेऊन सिंहगड चढायला लागले. अर्ध्या वाटेत गार घाम, पाय लटपटले. मीटरवर 62. त्यांनी चिक्की खाल्ली. पंधरा मिनिटांनी आकडा 60.

याला दोन कारणं. शेंगदाण्यातल्या तेलामुळे पोट सावकाश रिकामं होतं, हे एक. दुसरं जास्त महत्त्वाचं: आतड्यात गूळ-साखरेचं ग्लुकोजमध्ये विघटन व्हायला जे एन्झाइम लागतं, तेच व्होग्लिबोज अडवतं. अकार्बोजही तेच करतं. म्हणून अशा माणसाच्या खिशात साखरेची पुडी, पेढा किंवा लिमलेटच्या गोळ्या असूनही ऐनवेळी त्यांचा भरवसा नाही. त्याला हवी नुसती ग्लुकोज पावडर. घरच्या काट्यावर 15 ग्रॅम तोलून तीन-चार पुड्या करून ठेवा. काकांनी थांबून, बसून एक पुडी पाण्यात घेतली असती, पंधरा मिनिटांनी मोजलं असतं आणि अजून 70 च्या खाली असल्यास दुसरी घेतली असती, तर ते वेळीच सावरले असते. त्यानंतर गड उतरायचा, चढायचा नाही, आणि खाण्यासाठी खाली पोचेपर्यंत वाट बघायची नाही, तिथेच काहीतरी पोटभरीचं खायचं, कारण गोळीचा अंमल तासन्‌तास चालतो आणि साखर पुन्हा घसरू शकते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना.

मग खायचं किती? नुसत्या मेटफॉर्मिनवाल्याने अर्ध्या तासाच्या फेरीसाठी केळं आणि बिस्किटं खाऊन निघणं म्हणजे जेवढं जाळायचं तेवढं आधीच भरणं. त्याला काही लागत नाही. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनवाल्याने मोजावं. 70 च्या खाली असेल तर आधी उपचार, चालणं नंतर. 90 च्या खाली असेल तर साधारण 15 ग्रॅम कर्बोदकं खाऊन निघावं, म्हणजे एक छोटं वेलची केळं किंवा तीन-चार मारी बिस्किटं. 90 च्या वर असेल तर अर्ध्या तासाच्या साध्या चालण्याला बहुधा काही लागत नाही. गड चढण्यासारखा दोन-तीन तासांचा बेत असेल तर नाश्ता करूनच निघावं, वाटेत पाऊण तासाने मोजावं, आणि आकडा उतरत असेल तर पुन्हा तेवढंच खावं. त्या दिवशीचा डोस कमी करायचा का, हे डॉक्टरांना आधीच्या आठवड्यात विचारा. पायथ्याशी उभं राहून स्वतःच गोळी अर्धी करू नका.

फॉरवर्डमध्ये नसलेली एक गोष्ट. मोठ्या श्रमानंतर स्नायू रिकामा झालेला साठा भरत राहतात, त्यामुळे साखर त्याच रात्री, कधी दुसऱ्या दिवशीही घसरू शकते. म्हणून गडावरून आलेल्या काकांनी रात्रीचं जेवण टाळू नये आणि झोपताना मोजावं. 100 च्या खाली असेल तर कपभर दूध आणि अर्धी पोळी खावी, ग्लुकोजची पुडी उशाशी ठेवावी. पहाटे घामाने भिजून जाग आली किंवा आकडा पुन्हा 70 च्या खाली दिसला, तर सोमवारची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करावा.