बारा वाजले म्हणून दुसरा दिवस कापला जात नाही

“युरेल पास काढलाय ना? मग रात्रीची गाडी अजिबात घेऊ नका. रात्री बारा वाजले की पासचा दुसरा दिवस कापतात, एका प्रवासात दोन दिवस जातात. घ्यायचीच असेल तर संध्याकाळी सातनंतर सुटणारी घ्या, मग फक्त पोचण्याचा दिवस मोजतात. सकाळी उतरल्यावर त्याच दिवसात दिवसभर फुकट फिरता येतं.”

जळगाव-धुळ्याकडून मुलांना भेटायला युरोपला निघालेल्या आईवडिलांच्या फोनवर युरोपातल्या रेल्वेगाड्यांच्या पासबद्दलचा हा मजकूर हमखास येऊन पडतो. तो ज्या क्रमाने लिहिलाय त्याच क्रमाने उत्तर देतो, कारण त्यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महागात पडतं.

दोन दिवस कापले जातात, हे खरं नाही. एका महिन्यात कोणतेही 5 दिवस किंवा 7 दिवस असा पास असतो, त्यातला प्रवासाचा एक दिवस म्हणजे रात्री 00:00 ते 23:59. त्या वेळात पासवर चालणाऱ्या कितीही गाड्यांत बसा, दिवस एकच. तुम्ही मध्यरात्रीपूर्वी गाडीत बसलात आणि तीच गाडी न बदलता दुसऱ्या दिवशी पोचलात, तर फक्त बसण्याची तारीख मोजली जाते. रुळावर असताना बारा वाजले तरी पासला त्याने काही फरक पडत नाही.

अट एकच, आणि लोक नेमके तिथे अडकतात: गाडी एकच हवी. समजा तुम्ही रात्री साडेदहाला बसलात, एक वाजता एखाद्या जंक्शनला उतरलात आणि तिथून पुढची गाडी धरलीत. ती दुसरी गाडी नव्या तारखेला धरलेली असते, म्हणून खरोखरच दोन दिवस जातात. `Rail Planner` या ॲपमध्ये रात्रीचा मार्ग शोधला की थेट गाडीबरोबर मध्येच बदल असलेले पर्यायही दिसतात. स्वस्त किंवा लवकरचा दिसला म्हणून तो निवडू नका. आधी मध्ये गाडी बदलायची आहे का ते पाहा, आणि असेल तर बदल बाराच्या आधी आहे की नंतर तेही पाहा. बदल बाराच्या आधी असेल तर काही बिघडत नाही.

सातचा नियम मात्र कोणाच्या डोक्यातून निघालेला नाही, तो खरोखर होता. संध्याकाळी 19:00 नंतर सुटणारी थेट रात्रीची गाडी पहाटे 4 नंतर पोचत असेल, तर कागदी पासवर पुढच्या दिवसाची तारीख लिहायची सोय होती. 2019 च्या सुमारास तो नियम गेला आणि त्याच्या जागी आजचा सरळ नियम आला. जुनी प्रवासवर्णनं आणि जुने निरोप अजून फिरतात, म्हणून हे वाक्य मरत नाही. आज गाडी सहाला सुटो नाहीतर नऊला, मोजली जाते ती बसण्याची तारीख.

नियम उलटला तशी त्यावर बेतलेली आखणीही उलटायला हवी. जुन्या नियमात पोचण्याचा दिवस मोजला जायचा, म्हणून सकाळी उतरल्यावर पुढच्या गाड्या त्याच दिवसात बसत. आता निघण्याचा दिवस मोजला जातो. म्हणजे मोकळा मिळतो तो रात्रीच्या गाडीच्या आधीचा दिवस, नंतरचा नाही. सकाळी उतरून स्टेशनवरच दुसरी गाडी धरली, मग ती पाऊण तासाची का असेना, की पासचा आणखी एक दिवस खर्च होतो.

भुसावळचं एक जोडपं मे महिन्यात निघालंय असं समजू. एका महिन्यात 5 दिवसांचा पास. त्यांनी आखलेला कार्यक्रम असा: 8 तारखेला प्राग ते व्हिएन्ना, 9 ला व्हिएन्नाहून ब्रातिस्लावाला जाऊन परत, 10 ला दिवसभर व्हिएन्ना बघून रात्री साडेनऊच्या सुमारास झुरिकची नाइटजेट ही रात्रगाडी, 11 ला सकाळी आठनंतर झुरिकला उतरून लगेच ल्युसर्न. या आखणीत 8, 9, 10 आणि 11 असे चार दिवस जातात, उरतो एक. आणि अजून स्वित्झर्लंड बघायचं आहेच.

आता फक्त दोन गोष्टी हलवू. 9 तारखेला व्हिएन्ना पायी आणि ट्रामने बघायचं, म्हणजे पासला हात लागत नाही. (शहरातली ट्राम, मेट्रो पासवर चालत नाही, तिचं तिकीट वेगळंच काढावं लागतं.) ब्रातिस्लावा 10 ला ठेवायचं. एका बाजूचा प्रवास तासाभराचा आहे, बॅगा व्हिएन्नाच्या मुख्य स्टेशनच्या लॉकरमध्ये ठेवून संध्याकाळी आरामात परत येता येतं. रात्रीच्या गाडीमुळे 10 तारीख तशीही मोजली जाणार होती, त्यामुळे ही फेरी त्यातच बसते. 11 ला झुरिक ते ल्युसर्नचं तिकीट वेगळं काढायचं. पाऊण तासाच्या त्या प्रवासासाठी पासचा दिवस घालणं परवडत नाही. पासची किंमत दिवसांनी भागून बघा, लगेच कळतं. आता गेले दोन दिवस, 8 आणि 10. उरले तीन, आणि स्वित्झर्लंडमधल्या लांबच्या, महागड्या प्रवासांना ते खरोखर कामी येतात.

11 तारखेच्या रात्रीही दुसरी रात्रगाडी असती तर हिशेब बदलला असता. ती बसण्याची तारीख म्हणून 11 मोजली गेलीच असती, मग सकाळचं ल्युसर्नही पासवरच करावं.

गाडी मध्यरात्रीनंतर तुमच्या स्टेशनवर येत असेल तर काय, हे भुसावळकरांना समजवायला नको. मुंबईहून रात्री सुटलेली गाडी आपल्याकडे दीड-दोनला येते, तेव्हा तिकीट पुढच्या तारखेचं काढायचं हे इथलं पोरगंही सांगेल. पासचंही तसंच. गाडी मुळात कधी सुटली याला महत्त्व नाही, तुम्ही कधी बसता ते महत्त्वाचं. 00:20 ला बसलात तर फक्त नवी तारीख मोजली जाते आणि पुढचा सगळा दिवस पासवर फिरायला मिळतो. फक्त त्या स्टेशनवर पोचण्यासाठी रात्री अकराची गाडी पासवर धरू नका, नाहीतर आदला दिवसही खर्ची पडेल.

रात्रीच्या गाडीचं आरक्षण मात्र पासमध्ये येत नाही. आसन, कुशेट म्हणजे साधा बर्थ, किंवा स्लीपर, त्याचे पैसे वेगळे लागतात. ते आरक्षण बसण्याच्या तारखेचंच घ्या. 11 तारखेला पोचणार म्हणून 11 चं काढलंत, तर 10 च्या रात्री तुमच्या बर्थवर दुसरं कोणीतरी झोपलेलं असेल.

युरोपात राहणारी मुलं युरेल नाही, इंटररेल पास काढतात. दिवस मोजायची पद्धत दोन्हीकडे एकच आहे, त्यामुळे आईवडील आणि मुलगा एकाच गाडीतून निघाले तर तिघांच्याही पासवर तीच तारीख लागते. आणि ज्यांनी सलग 15 दिवसांचा किंवा महिन्याचा पास घेतलाय त्यांना हा हिशेबच करावा लागत नाही, त्यांचा रोजचा दिवस आधीच भरलेला असतो.