सॅम्पल रेट उतरवून डेटा वाचत नाही

«ऑडिओ करणाऱ्या सर्वांसाठी महत्त्वाचे! १) गाणे असो वा भाषण, एमपीथ्री नेहमी ३२० वरच काढा, त्याखाली आवाज खराब होतो. २) श्रोत्यांचा डेटा वाचवायचा असेल तर बिटरेटला हात लावू नका. सॅम्पल रेट २२०५० करा, नाहीतर सरळ ८००० करा. फाइल अर्धी किंवा त्याहून लहान होते, स्पष्टता तीच राहते. करून पाहा! ३) मोनो कधीच नको, आवाज बारीक होतो. ४) जुन्या ६४ च्या फाइल्स ३२० वर परत काढा, स्पष्ट होतील. पुढे पाठवा.»

हा निरोप माझ्या मावशीपर्यंत पोहोचला. मावशी कथांचं अभिवाचन करते, एकेक भाग साधारण ४० मिनिटांचा, आणि तिचे बहुतेक श्रोते मोबाइल डेटावर ऐकतात. तिने मनापासून दुसरा मुद्दा पाळला आणि नवे भाग ८००० वर काढले. त्यावर एका श्रोत्याने लिहिलं, «ताई, फोनवरून बोलल्यासारखा आवाज येतोय, काही शब्द दोनदा ऐकावे लागले.» मावशीला वाटलं, तिचंच उच्चारण सैल पडलंय. एका फुकटच्या सल्ल्यापायी चांगल्या वाचणाऱ्या माणसाने स्वतःच्या जिभेवर शंका घ्यावी, याचा मला संताप आला. म्हणून दुसऱ्या मुद्द्यापासूनच सुरू करते.

एमपीथ्री फाइलचा आकार काढायला पेन्सिल-कागद पुरतो. बिटरेट म्हणजे आवाजाच्या एका सेकंदासाठी किती हजार बिट लिहायचे ते. त्याला एकूण सेकंदांनी गुणायचं आणि ८ ने भागायचं, कारण एका बाइटमध्ये ८ बिट असतात. ४० मिनिटं म्हणजे २४०० सेकंद. ३२० गुणिले २४०० भागिले ८ म्हणजे ९६,००० किलोबाइट, अर्थात ९६ एमबी. सॅम्पल रेट म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे ते. या गणितात तो कुठे आला? कुठेच नाही. ठरावीक बिटरेटच्या एमपीथ्रीत सॅम्पल रेट कितीही असो, सेकंदाला तेवढेच बिट लिहिले जातात.

वेव्ह फाइलचं मात्र वेगळं आहे. तिथे प्रत्येक नमुना जसाच्या तसा साठवतात. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, म्हणून नमुने निम्मे केले की फाइल निम्मी होते. निरोप लिहिणाऱ्याने वेव्हचा नियम एमपीथ्रीला चिकटवला आहे.

मग «करून पाहा» म्हटल्यावर लोकांची फाइल खरोखर अर्धी कशी झाली? या एका गोष्टीमुळेच हा निरोप इतका फिरला. एमपीथ्रीच्या मानकात ३२० हा बिटरेट फक्त ३२,०००, ४४,१०० आणि ४८,००० या सॅम्पल रेटना मिळतो. १६,०००, २२,०५० आणि २४,००० यांच्यासाठी कमाल मर्यादा १६० आहे. तुम्ही २२०५० निवडून ३२० मागितलेत, तर काही सॉफ्टवेअर ही जोडी चालणार नाही असं सांगून थांबतात आणि काही मुकाट्याने १६० करून टाकतात. एफएफएमपेग हे ऑडिओ-व्हिडिओ रूपांतराचं मोफत सॉफ्टवेअर तुमच्याकडे असेल तर त्याच्यासोबतच येणारी ही आज्ञा अशा फाइलवर चालवा:

```
ffprobe -v error -show_entries stream=sample_rate,channels,bit_rate -of default=nw=1 katha.mp3
```

उत्तर असं येतं:

```
sample_rate=22050
channels=2
bit_rate=160000
```

९६ एमबीची फाइल ४८ एमबी झाली ती बिटरेट निम्मा झाला म्हणून. ज्याला हात लावू नका असं निरोप बजावतो, त्यालाच सॉफ्टवेअरने तुमच्या नकळत हात लावला आणि श्रेय सॅम्पल रेटला गेलं.

८००० चा सल्ला त्याहून वाईट आहे. बहुतेक मोफत सॉफ्टवेअरच्या पोटात लेम नावाचा एन्कोडर, म्हणजे एमपीथ्री बनवणारा भाग असतो. तो ८००० वर ६४ च्या पुढे जातच नाही. म्हणजे मावशीची ४० मिनिटांची फाइल १९.२ एमबी झाली. आता तेच ध्वनिमुद्रण ४४,१०० वर ठेवा आणि मोनो करून बिटरेट सरळ ६४ द्या. आकार किती? तोच, १९.२ एमबी. डेटा एक कणही जास्त जात नाही आणि आवाज पूर्ण राहतो. निरोपाने मावशीच्या श्रोत्यांचं काहीही वाचवलं नाही, व्यंजनं तेवढी काढून घेतली.

व्यंजनं म्हणण्याचं कारण आहे. सॅम्पल रेट जेवढा, त्याच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचाच आवाज साठवता येतो. हा नमुनाकरणाचा मूळ नियम आहे, कुठल्याही सॉफ्टवेअरला तो चुकत नाही. ८००० वर ही मर्यादा ४००० हर्ट्झ, आणि गाळणीमुळे प्रत्यक्षात त्याच्याही थोडी आत. जुन्या टेलिफोनचा सॅम्पल रेट हाच होता आणि त्यातून साधारण ३४०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज जायचा. स्वर त्या हद्दीत छान बसतात, म्हणून माणूस ओळखू येतो आणि वाक्यही चालल्यासारखं वाटतं. पण «स» चा बहुतेक जोर ४००० च्या वर असतो, दातांतून सुटणाऱ्या «फ» ची फुंकरही तिथेच पसरलेली असते. ती गेली की दोघांची जागा एकाच अस्पष्ट फुसफुशीने घेतली जाते. «त्याने ते सोडलं» आणि «त्याने ते फोडलं» यांत फरक तेवढ्या एका आवाजाचा आहे. संभाषणात संदर्भ मदतीला येतो, «काय म्हणालास?» असंही विचारता येतं. कथा ऐकणाऱ्याला मागे जाऊन तोच तुकडा पुन्हा ऐकावा लागतो. शंका असेल तर ८००० वरची फाइल ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि ट्रॅकच्या मेनूतून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कंपनसंख्यांचं चित्र दाखवा. बाजूची हर्ट्झची मोजपट्टीच ४००० ला संपलेली दिसेल. नंतर सॅम्पल रेट वाढवून वरचा भाग परत येत नाही, तो फाइलमध्ये उरलेलाच नसतो.

२२०५० बद्दल मात्र थोडं मान्य करावं लागेल. तिथे मर्यादा ११,००० च्या आसपास जाते, शब्द नीट कळतात, आवाजाचा वरचा मोकळेपणा तेवढा कमी होतो. बिटरेट ४८ किंवा त्याखाली नेणार असाल तर २२,०५० किंवा २४,००० घेणं शहाणपणाचंही आहे, कारण हातात असलेले थोडे बिट वरच्या पट्टीवर न उधळता बोलण्यावर खर्च होतात. पण तेव्हाही फाइल लहान होते ती ४८ मुळे. सॅम्पल रेट फक्त तेवढ्या बिटांत निभावून न्यायला मदत करतो.

आता पहिला मुद्दा, नेहमी ३२० वरच काढण्याचा. यासाठी मी एकच आधार देते, पण तो भक्कम आहे. ओपस हा आजचा मोकळा ऑडिओ कोडेक, म्हणजे एमपीथ्रीसारखीच आवाज दाबून साठवण्याची पद्धत. त्याचं अधिकृत मानक आरएफसी ६७१६ या नावाने २०१२ साली प्रसिद्ध झालं. कशाला किती बिटरेट रास्त, हे त्यातच दिलं आहे. ऐकू येणाऱ्या पूर्ण पट्टीच्या बोलण्याला २८ ते ४०, पूर्ण पट्टीच्या स्टिरिओ संगीताला ६४ ते १२८. कोडेक बनवणारेच म्हणतात की एकट्या माणसाच्या बोलण्याला संगीतापेक्षा कितीतरी कमी लागतं. एमपीथ्री ओपसच्या बराच आधीची असल्याने तिला जास्त बिट द्यावे लागतात, म्हणून बोलण्यासाठी मी मोनो ६४ धरते. ३२० च्या मानाने हा पाचवा हिस्सा, ९६ च्या जागी १९.२ एमबी. श्रोता फोनच्या स्पीकरवर किंवा साध्या इअरफोनवर ऐकत असेल, तर फरक शोधूनही सापडणं अवघड आहे. उलट रेंज कमी असताना ३२० ची फाइल सलग उतरत नाही, मध्येच अडकते, आणि अडकलेल्या फाइलची स्पष्टता शून्य असते.

६४ सगळीकडे पुरेल असं मात्र मी म्हणणार नाही. मागे पंखा फिरत असेल, खोली घुमत असेल किंवा बोलण्याखाली संगीत असेल, तर एन्कोडरला ते सगळंही लिहावं लागतं आणि बोलण्याच्या वाट्याचे बिट कमी पडतात. हे ऐकून कळतं. शब्द संपल्यावरच्या शांततेत पाण्याखालून आल्यासारखी बुडबुड येते आणि «स»-«श» ला किणकिणती झालर लागते. तसं झालं तर ८० किंवा ९६ घ्या. त्याआधी पंखा बंद करून मुद्रण केलंत तर त्याहून जास्त फायदा होईल.

तिसऱ्या मुद्द्यावर वेळ घालवण्यासारखं फारसं नाही. एका माइकवर एक माणूस बोलतो तेव्हा डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना तेच असतं, आणि मोनो फाइल दोन्ही कानांत ऐकू येते. मोनो केल्यावर आवाज खरोखर हळू झाला, तर मूळ मुद्रण एकाच बाजूला झालेलं असतं. दोन्ही बाजूंची सरासरी घेताना दुसरीकडची शांतता त्यात मिसळते आणि पातळी ६ डेसिबलने उतरते. अशा वेळी आवाज असलेली बाजूच तेवढी घ्यायची. नभोनाट्यासारखं काही असेल, जिथे पात्रं डावी-उजवीकडून बोलतात, तिथे स्टिरिओ ठेवा. मावशीच्या वाचनाला ही आज्ञा पुरते:

```
ffmpeg -i katha.wav -ac 1 -ar 44100 -c:a libmp3lame -b:a 64k katha.mp3
```

डावी बाजूच हवी असेल तर `-ac 1` च्या जागी `-af "pan=mono|c0=c0"` लिहा.

चौथा मुद्दा निव्वळ नुकसानीचा आहे. ६४ वर काढताना एन्कोडरने जे टाकून दिलं ते ३२० ला सापडणार कुठून? फाइल पाचपट होते, आणि त्याच त्या आवाजावर दुसऱ्यांदा काटछाट होते, म्हणून झाला तर थोडा खराबच होतो. जुन्या ६४ च्या फाइल्स आहेत तशा राहू द्या. मूळ वेव्ह जपून ठेवली असेल तर नवी फाइल थेट तिच्यातून काढा. वेव्ह गेली आणि फक्त ३२० ची एमपीथ्री उरली असेल, तर तिच्यातून एकदाच ६४ वर उतरणं बोलण्याला चालून जातं. मावशीकडे सगळ्या भागांच्या वेव्ह होत्या. ८००० वर काढलेले भाग तिने त्यातूनच पुन्हा काढले आहेत.